वर्षाच्या मध्येच वर्गात नवं मूल येतं तेव्हा: पालकांना पत्र आणि दोन सोबत्यांची योजना

वर्ष सुरू होतं तेव्हा सगळीच मुलं थोडी बावरलेली असतात, कारण वर्ग सगळ्यांनाच नवा असतो. सत्राच्या मध्ये येणाऱ्या मुलाचं तसं नसतं. तोवर वर्गाच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात आणि त्या कुठे लिहून ठेवलेल्या नसतात. पाणी प्यायला विचारून जायचं की नुसता हात वर करून उठायचं, वही तपासायला कोणत्या गठ्ठ्यावर ठेवायची, मधल्या सुट्टीनंतर रांग कुठे लागते, कोणत्या कोपऱ्यात कोण खेळतं. बाकीच्या सगळ्यांना हे न विचारता कळतं, फक्त एकाला कळत नाही. हे मूल अभ्यासात मागे पडेल का, ही काळजी सगळेच करतात. पहिल्या आठवड्यात मात्र त्याची खरी अडचण तासाला होत नाही, दोन तासांच्या मधल्या वेळात होते.

म्हणून वर्गशिक्षक म्हणून पहिल्यांदाच असं मूल तुमच्या वर्गात येणार असेल, तर दोन गोष्टी आधी तयार ठेवा: पालकांना एक पानी पत्र आणि वर्गातल्या दोन मुलांना नेमून दिलेली सोबतीची कामं. दोन्ही एकत्रच आखायची, कारण पत्रात जे सांगाल तेच सोबत्यांनी वर्गात करायचं आहे.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. चौथीच्या वर्गात दुसऱ्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी येणार आहे. तुम्हाला गुरुवारी कळलं, ती सोमवारी येणार. वर्गात अपूर्णांक निम्मे शिकवून झाले आहेत, तिच्या आधीच्या शाळेत ते सुरूच झालेले नाहीत. शिवाय वर्गात चार-चार जणांच्या गटांत एक प्रकल्प चालू आहे. मुलगी शांत आहे, असं कार्यालयातून कळलं. एवढ्या माहितीवर आणि तीन-चार दिवसांत सगळं जमतं.

गुरुवार-शुक्रवार: पालकांना पत्र

पत्र मूल येण्याच्या आधी पोचलं पाहिजे. पहिल्या दिवशी दप्तरातून पाठवलेलं पत्र संध्याकाळी वाचलं जातं, आणि तोवर त्यातल्या निम्म्या सूचना निरुपयोगी झालेल्या असतात. शाळेची माहितीपुस्तिका, गणवेशाचे नियम, वर्षाचं वेळापत्रक हे कार्यालय देतंच, ते पत्रात पुन्हा नको. पत्राने फक्त पालकांच्या मनात रविवारी रात्री जे प्रश्न असतील त्यांची उत्तरं द्यायची: सकाळी नेमकं कुठे सोडायचं, तिथे तिला कोण भेटेल, दप्तरात काय द्यायचं, ती कोणाशेजारी बसेल, मागच्या अभ्यासाचं काय, आणि काही वाटलं तर तुमच्याशी कधी बोलायचं.

‘आपला पाल्य’ असं लिहू नका, मुलाचं नाव लिहा. त्या नावाचं शुद्धलेखन प्रवेश अर्जावरून तपासून घ्या. आमच्या उदाहरणातलं पत्र साधारण असं होईल:

> सप्रेम नमस्कार,
>
> (मुलीचं नाव) सोमवारपासून आमच्या चौथीच्या वर्गात येते आहे. मी तिची वर्गशिक्षिका. आम्ही तिची वाट पाहतो आहोत.
>
> सोमवारी तिला नेहमीच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी मुख्य दारापाशी आणा. मी स्वतः तिथे असेन आणि तिला वर्गात घेऊन जाईन. तुम्ही दारापर्यंतच यावं, निरोप तिथेच घ्यावा. दप्तरात पहिल्या दिवशी दोन कोऱ्या वह्या, पेन्सिल-खोडरबर, पाण्याची बाटली आणि डबा एवढंच द्या. पुस्तकं वर्गात मिळतील.
>
> पहिले दोन आठवडे वर्गातल्या दोन मुली तिच्या सोबत असतील. एक वर्गात तिच्या शेजारी बसेल, दुसरी मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना बरोबर असेल. त्या तिला शाळा दाखवतील. मैत्री त्यांच्याशीच व्हावी असं नाही. ती तिच्या वेळेने आणि तिला आवडेल त्याच्याशी होऊ द्या.
>
> वर्गात सध्या गणितात अपूर्णांक चालू आहेत. ते तिचे झालेले नाहीत हे मला माहीत आहे. त्यासाठी घरी घाईने काही शिकवू नका. पहिला आठवडा मी फक्त तिला काय येतं ते पाहीन आणि मग तुम्हाला सांगेन.
>
> पहिल्या दिवशी संध्याकाळी मी तुम्हाला फोन करेन. सोबतच्या चिठ्ठीतल्या प्रश्नांची उत्तरं सोमवारी तिच्याबरोबर पाठवाल का?

पत्र एवढंच. ‘मैत्री त्यांच्याशीच व्हावी असं नाही’ हे वाक्य मात्र गाळू नका. नव्या मुलाचे आई-वडील रोज संध्याकाळी विचारतात, ‘आज कोणी मैत्रीण झाली का?’ तिसऱ्या दिवशीही ‘नाही’ असं उत्तर द्यावं लागलं की मुलीला वाटायला लागतं, आपण कशात तरी कमी पडतो आहोत. सोमवारी फोन कराल तेव्हा पालकांना हे सांगा आणि त्याऐवजी विचारायला दुसरा प्रश्न सुचवा: ‘आज मधल्या सुट्टीत कुठे बसलीस?’ या प्रश्नाला चूक उत्तर नसतं, आणि त्यातून तुम्हालाही पुष्कळ कळतं.

सोबतच्या चिठ्ठीत पाच प्रश्न पुरेत. घरी तिला काय म्हणतात आणि वर्गात आम्ही काय म्हणावं असं तिला वाटतं? काय करायला तिला मनापासून आवडतं? घाबरली किंवा रडू आलं तर ती काय करते आणि कशाने शांत होते? तब्येतीची, औषधाची, चष्म्याची किंवा ऐकण्याची काही गोष्ट आम्हाला माहीत असावी का? आणि शाळा सुटल्यावर तिला घ्यायला कोण येणार, कोणाबरोबर पाठवायचं नाही असं काही आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, तरी विचारायचाच. वर्षाच्या मध्ये शाळा बदलावी लागते तेव्हा त्यामागे कधीकधी घरातली मोठी उलथापालथ असते. शाळा का बदलली हे मात्र लिहून मागू नका. पालकांना सांगायचं असेल तर ते प्रत्यक्ष बोलताना सांगतील. सांगितलंच, तर ते तुमच्यापाशी ठेवा. वर्गाला, सोबत्यांना किंवा इतर पालकांना ते कळता कामा नये.

पालकांना शाळेची भाषा वाचता येत नसेल किंवा लिखाणाची सवय नसेल, तर हेच पत्र त्यांना समजेल अशा भाषेत फोनवरून सांगा आणि पाच प्रश्नही तोंडीच विचारा. पत्र पाठवलं म्हणजे ते पोचलं असं धरू नका.

शुक्रवार: दोन सोबती निवडायचे

सोबती एक नको, दोन हवेत. एकच असेल तर ती गैरहजर राहिली की नवी मुलगी एकटी पडते. शिवाय एकाच मुलीवर दिवसभराचा भार पडतो आणि तिचं स्वतःचं खेळणं, गप्पा सगळं थांबतं. दोघींना वेगवेगळी कामं आणि वेगवेगळी वेळ दिली की दोघीही मोकळ्या राहतात.

वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी किंवा मॉनिटर पटकन डोळ्यांसमोर येते. तिला सहसा निवडू नये. तिच्याकडे आधीच बरीच कामं असतात, आणि सूचना देण्याची सवय असलेलं मूल नव्या मुलीलाही सूचनाच देतं. जिची एकच जिवलग मैत्रीण आहे आणि दोघी सतत जोडीने असतात, तीही नको. त्या जोडीत तिसरीला जागा मिळत नाही. आणि स्वतः एकटं पडणाऱ्या मुलाला ‘आता तुलाही सोबत मिळेल’ म्हणून नेमायचा मोह होतो, तो आवरा. त्याला वर्गात कोण कुठे असतं हे माहीत नसतं, मग ते इतरांशी ओळख करून कशी देणार? त्याच्यासाठी वेगळा उपाय करावा, तोही जरूर करावा, पण या कामात तो मिसळू नये.

मग कोण? वर्गात मधोमध असणारी, दोन-तीन गटांत सहज जाणारी, फार बोलकी नसली तरी चालेल पण दुसऱ्याचं ऐकून घेणारी. अशी मुलं ओळखायची एक जुनी, साधी पद्धत आहे. मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी 1934 साली ती पुस्तकरूपाने मांडली. प्रत्येक मुलाला एका कागदावर गुपचूप लिहायला सांगायचं: पुढच्या प्रकल्पात कोणाकोणाबरोबर काम करायला आवडेल, तीन नावं. घरी जाऊन प्रत्येक नावासाठी एक टिंब काढा आणि कोणी कोणाला निवडलं तिकडे बाण काढा. सगळ्यात जास्त बाण जिच्याकडे येतात तिच्यावर थांबू नका. वेगवेगळ्या घोळक्यांतून प्रत्येकी एखादा तरी बाण जिच्याकडे येतो, ती तुम्हाला हवी आहे. हे कागद मुलांना दाखवायचे नाहीत आणि ‘कोण नको’ हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. वेळ नसेल तर दोन दिवस मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभं राहून पाहा, तेवढ्यानेही अंदाज येतो.

निवड झाली की त्या दोघींना वेगळं बाजूला घेऊन विचारा, आणि नाही म्हणायची मुभा खरोखर द्या. होकार आला तर त्यांच्या घरीही एका ओळीत कळवा. ‘माझ्या मुलीचा अभ्यास बुडतोय का?’ अशी शंका नंतर येण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. कळवताना दोनच आठवड्यांचं काम आहे हे जरूर लिहा.

कामाची चिठ्ठी

‘तिची काळजी घे’, ‘तिला सांभाळून घे’ असं सांगितलं की नऊ वर्षांच्या मुलीला नेमकं काय करायचं ते कळत नाही. मग ती एकतर हात धरून दिवसभर ओढत नेते किंवा पहिल्या तासानंतर विसरून जाते. काम ठरावीक वेळेला आणि दिसण्यासारखं असावं. आमच्या उदाहरणात मी दोघींना अशी चिठ्ठी देईन.

वर्गातल्या सोबतीणीचं काम: सकाळी दप्तर ठेवायची जागा दाखवणं. तास बदलला की आता कोणतं पुस्तक काढायचं ते सांगणं. वही कुठे ठेवायची ते पहिल्या वेळी बरोबर जाऊन दाखवणं. शौचालय आणि पाण्याची जागा पहिल्याच तासाच्या आधी दाखवणं. मी सांगितल्याशिवाय तिचं उत्तर सांगायचं नाही आणि तिच्या वतीने बोलायचं नाही.

सुट्टीतल्या सोबतीणीचं काम: घंटा झाली की वर्गाच्या दाराशी थांबणं. डबा खायला शेजारी बसणं. खेळायला जाताना ‘आम्ही पकडापकडी खेळतोय, तू येतेस?’ असं एकदाच विचारणं. नको म्हणाली तर आग्रह करायचा नाही, पण ‘आम्ही तिथे आहोत’ एवढं सांगून जायचं. शाळा सुटल्यावर रांगेपर्यंत बरोबर चालणं.

दोघींच्या चिठ्ठीत शेवटची ओळ एकच: कोणी तिला चिडवलं, ती रडली किंवा तिने काही गंभीर सांगितलं, तर ते तुम्ही सोडवायचं नाही, लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. ही ओळ वाचून दाखवा आणि त्यांच्या तोंडून पुन्हा म्हणवून घ्या. सोबतीण ही वाट दाखवणारी आहे. भांडण मिटवायची जबाबदारी मुलांवर टाकायची नाही.

सगळ्यात जपायचा शब्द ‘शौचालय’. नवी मुलं विचारायला लाजतात, दिवसभर थांबून राहतात आणि पाणीही पीत नाहीत. दुपारी पोट दुखतं म्हणून रडणाऱ्या नव्या मुलाला आधी हे विचारा.

वर्गाशी बोलणं आणि पहिला दिवस

शुक्रवारी शेवटच्या तासाला वर्गाला सांगा की सोमवारी एक मुलगी येणार आहे, तिचं नाव असं आहे, ते असं उच्चारायचं. मग विचारा: ‘आपल्या वर्गात नवीन असाल तर तुम्हाला कोणती गोष्ट कळणार नाही?’ मुलं जी यादी देतात ती तुमच्या यादीपेक्षा चांगली असते. फळ्याजवळची तुटकी खुर्ची, अमुक नळाचं पाणी येत नाही, कोणत्या दिवशी वाचनालय. ती कागदावर उतरवून घ्या आणि सोबतीणींना द्या. त्यातून सगळा वर्ग स्वागतात येतो आणि काम दोघींवरच राहत नाही.

सोमवारी तिला सगळ्यांसमोर उभं करून ‘आपली ओळख करून दे’ म्हणू नका. शांत मुलासाठी तो दिवसातला सगळ्यात अवघड क्षण ठरतो आणि त्याने कोणाची ओळखही होत नाही. तुम्हीच तिचं नाव सांगा, बसायला जागा द्या आणि तास सुरू करा. जागा मधल्या ओळीत, खिडकीपेक्षा आतल्या बाजूला असावी. अगदी पुढे बसवलं तर सगळ्यांच्या नजरा पाठीवर राहतात, अगदी मागे बसवलं तर इतर कसं करतात ते पाहून शिकता येत नाही.

पहिल्या दिवशी हाताला लगेच जमेल असं एक काम तिला मिळालंच पाहिजे. आमच्या उदाहरणात अपूर्णांकाच्या तासाला ते कठीण आहे. तेव्हा त्या तासाला जोड्यांनी कागदाच्या पट्ट्या घडी घालून निम्मे, पाव, आठवा भाग करायला द्या. घडी घालणं सगळ्यांना जमतं, आधीचं काही यावं लागत नाही, आणि तिला अपूर्णांकांची सुरुवात कळून जाते. सगळ्या वर्गाची उजळणीही होते. प्रकल्पाच्या गटात तिला पाचवी म्हणून ढकलू नका. ज्या गटात एखादं काम अजून कोणी घेतलेलं नाही तिथे जाऊन गटालाच विचारा: ‘चित्रं आणि मथळे कोण करतंय?’ नेमकं काम हातात असलेलं मूल गटाला लवकर आपलं वाटतं.

संध्याकाळी फोन ठरल्याप्रमाणे करा. दोन मिनिटं पुरतात. ‘छान रमली’ असं मोघम सांगू नका, पाहिलेलं सांगा: डबा खाल्ला, दोघींबरोबर झाडाखाली बसली, चित्रकलेच्या तासाला शेजारणीला रंग दिला.

दुसऱ्या दिवसापासून दोन आठवडे

पहिले तीन दिवस चिठ्ठी पूर्ण पाळायची. चौथ्या दिवसापासून एकेक काम गाळायचं: आधी पुस्तक काढायची आठवण, मग रांगेपर्यंतची सोबत. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यापर्यंत फक्त मधल्या सुट्टीची सुरुवात उरावी. दुसऱ्या शुक्रवारी दोघींकडून चिठ्ठी परत घ्यायची. तारीख आधीच सांगितलेली असल्याने कोणालाही टाकून दिल्यासारखं वाटत नाही.

या काळात पाहायचं ते वर्गात नाही, मैदानावर. आठवड्यातून तीन वेळा मधल्या सुट्टीत ती कुठे आहे एवढंच वहीत लिहा: कोणाजवळ, काय करत, शिक्षकांच्या किती जवळ. भिंतीलगत किंवा तुमच्या भोवती घुटमळणं पहिल्या आठवड्यात स्वाभाविक आहे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटीही रोज तेच दिसत असेल, डबा न खाता परत जात असेल, सकाळी पोटदुखी सुरू झाली असेल किंवा ती वाचनालयातच राहू मागत असेल, तर योजना तशीच लांबवून उपयोग नाही. सोबतीण बदलून पाहा. मैदानावरच्या मोकळ्या खेळाऐवजी नियम ठरलेला एखादा खेळ सुरू करा, दोरीच्या उड्या किंवा पटावरचा खेळ. त्यात ‘मलाही घ्या’ म्हणावं लागत नाही, आपली पाळी येते. पालकांनाही याच वेळी बोलवा, महिना संपायची वाट पाहू नका.

उलटंही होतं. नवी मुलगी एकीला इतकी चिकटते की सोबतीण दमते. सोबतीण आपणहून तक्रार करत नाही, तिचं वागणं बदलतं: मैत्रिणींकडे पाहत राहणं, सुट्टीत वर्गातच थांबणं, ‘मला आज दुसरं काम द्या’ म्हणणं. दर दोन दिवसांनी तिला एकटीला विचारा, ‘जड होतंय का?’ होत असेल तर दिवसाच्या मध्येच काम दुसरीकडे द्या, कोणालाही कारण न सांगता. कधी सोबतीणच हक्क दाखवते: ‘ती माझी आहे, तुम्ही तिच्याशी बोलू नका.’ तेव्हा रागवू नका. बसण्याच्या जागा सगळ्या वर्गाच्याच बदला, म्हणजे त्या दोघींवर बोट येत नाही.

मुलाला शाळेची भाषाच नीट येत नसेल, तर दोन आठवडे पुरणार नाहीत. तेव्हा एक सोबती शक्य असल्यास त्याची भाषा बोलणारा द्या, पण फक्त एकच, आणि त्याला दुभाष्या बनवून प्रत्येक तासाला मध्ये उभं करू नका. सूचना चित्रांनी आणि खुणांनी द्यायची तयारी तुमची असावी. ज्या मुलाला हालचालीत, शिकण्यात किंवा वागणुकीत विशेष मदत लागते, त्याच्यासाठी सोबती हा मोठ्या माणसाच्या मदतीला पर्याय होत नाही. शौचालयात नेणं किंवा औषधाची आठवण ही कामं कोणत्याही मुलाकडे देऊ नयेत.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पालकांना दुसरं छोटं पत्र द्या. त्यात तीनच गोष्टी: ती कोणत्या विषयांत वर्गाबरोबर आहे, अपूर्णांकातलं नेमकं काय राहिलं आहे आणि ते वर्गातच कोणत्या वेळेला करून घेणार आहात, आणि सोबतीणींची योजना आजपासून संपते आहे. या शेवटच्या गोष्टीसाठी एक वाक्य जोडा: ‘आता ती सुट्टीत कधी एकटी बसली तर लगेच काळजी करू नका, आधी तिलाच विचारा की तिला तसं बसायला आवडतं का.’ काही मुलांना खरंच आवडतं.